आंतरवासितेच्या शेवटी मार्गदर्शक शिक्षकांना पत्र

बी.एड.चा विद्यार्थी आंतरवासिता संपवून सराव शाळेतून बाहेर पडताना मार्गदर्शक शिक्षकांना जे पत्र लिहितो, त्यात बहुधा दोन गोष्टी असतात. झालेल्या मदतीबद्दल तो आभार मानतो आणि पुढे नोकरीच्या अर्जात त्यांचे नाव संदर्भ म्हणून देता येईल का, किंवा ते शिफारसपत्र देतील का, असे विचारतो. या दोन गोष्टी एका पत्रात नीट बसवणे अवघड असते. आभार मोघम राहिले तर ते विनंतीसाठीच मानले असे वाटते. विनंती आडून आडून केली तर नेमके काय हवे आहे हे शिक्षकांना कळत नाही. दोन्ही अडचणींवर उपाय एकच आहे. शिक्षकांनी नेमके काय केले आणि त्यामुळे शिकवण्यात काय बदलले, हे पत्रात तपशिलाने यायला हवे. तो तपशील आला की आभार खरे ठरतात, आणि शिफारस करताना शिक्षकांनाही त्याचाच आधार मिळतो.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि त्यात एकूण २० आठवडे शाळेत घालवणे आवश्यक ठरले. त्यांपैकी ४ आठवडे पहिल्या वर्षी आणि १६ दुसऱ्या वर्षी असतात. दुसऱ्या वर्षीच्या या मोठ्या टप्प्यात छात्राध्यापक एखाद्या शाळेत जवळजवळ तिथल्या शिक्षकासारखाच वावरतो. परिपाठाला उभा राहतो, तासिका घेतो, घटक चाचणी काढतो आणि तपासतो, पालकसभेला बसतो. कॉलेजचे अध्यापन पद्धतीचे प्राध्यापक अधूनमधून पाठ पाहून जातात. रोजचे काम मात्र शाळेतले विषय शिक्षकच पाहतात. म्हणूनच पुढे एखाद्या शाळेने ‘ही व्यक्ती वर्गात कशी आहे?’ असे विचारले, तर सर्वांत खात्रीने उत्तर देऊ शकणारी व्यक्ती तीच असते.

तीन कागद, तीन कामे

विनंती करण्याआधी नेमके काय मागायचे आहे हे ठरवावे लागते, कारण आंतरवासितेच्या शेवटी तीन वेगवेगळ्या गोष्टींची गल्लत होते.

पहिली गोष्ट म्हणजे आंतरवासिता पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र. ते शाळा देते. त्यावर शाळेचा शिक्का, जावक क्रमांक आणि मुख्याध्यापकांची सही असते. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत ही व्यक्ती शाळेत होती, एवढे ते सांगते. ते कार्यालयातून मिळवायचे असते, त्यासाठी आभारपत्राची गरज नसते. दुसरी गोष्ट म्हणजे मूल्यमापन पत्रक. मार्गदर्शक शिक्षक ते भरून कॉलेजकडे पाठवतात आणि त्यातले गुण परीक्षेत धरले जातात. तिसरी गोष्ट म्हणजे संदर्भ किंवा शिफारस. हे शिक्षकांचे व्यक्तिगत मत असते आणि ते देणे त्यांच्यावर बंधनकारक नसते. विनंती करायची ती या तिसऱ्या गोष्टीची.

संदर्भाचेही प्रकार आहेत. अर्जात शिक्षकांचे नाव आणि फोन नंबर देण्याची परवानगी मागणे हा सर्वांत हलका प्रकार. शाळेने फोन केला तर दहा मिनिटे बोलणे, एवढेच त्यात शिक्षकांना करावे लागते. एखाद्या ठरावीक शाळेच्या नावे लिहिलेले पत्र मागणे हे त्याहून मोठे काम आहे. आणखी एक प्रकार म्हणजे ‘ज्याच्याशी संबंध येईल त्याने’ वाचावे असे सर्वसाधारण पत्र. ते कुठेही जोडता येते, पण कोणालाच उद्देशून नसल्यामुळे त्याचे वजन कमी पडते. शिवाय शाळेचे लेटरहेड आणि शिक्का ही शाळेची मालमत्ता आहे. अनेक शाळांत त्यावरचे पत्र फक्त मुख्याध्यापकच देऊ शकतात. ‘लेटरहेडवर शिफारस द्या’ असे विषय शिक्षकांना लिहिले तर त्यांच्या हातात नसलेली गोष्ट मागितली जाते आणि त्या अवघडतात. व्यक्तिशः संदर्भ देण्याची विनंती असेल तर हा पेच पडत नाही.

संदर्भ कुठे उपयोगी पडतो याचाही विचार हवा. महाराष्ट्रात जिल्हा परिषदांच्या शाळांतली शिक्षकभरती पवित्र पोर्टलवरून, अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीच्या गुणांवर होते. त्या गुणवत्ता यादीत शिफारसपत्राला जागा नाही. स्वयंअर्थसहाय्यित शाळा मात्र आपली जाहिरात आपणच देतात, उमेदवाराला वर्गावर पाठ घ्यायला लावतात, मुलाखत घेतात आणि अर्जात पुष्कळदा एकदोन संदर्भांची नावे मागतात. पुढील शिक्षणासाठी, विशेषतः परदेशी विद्यापीठांत अर्ज करतानाही अशी पत्रे लागतात. अर्ज फक्त शासकीय भरतीसाठी करायचा असेल तर विनंती वगळून नुसते आभारपत्र लिहावे.

पत्र कधी द्यावे

वेळेचा पहिला नियम मूल्यमापन पत्रकाशी बांधलेला आहे. शिक्षकांच्या हाती गुण असताना स्तुतीचे आणि विनंतीचे पत्र दिले, तर ते गुणांसाठी दिल्यासारखे दिसते आणि शिक्षकांची कुचंबणा होते. भेटवस्तूलाही हेच लागू पडते. म्हणून पत्रक कॉलेजला पोचल्यानंतरच पत्र द्यावे.

दुसरा नियम आठवणीचा आहे. शाळेत दरवर्षी नवी तुकडी येते. सहा महिन्यांनी पत्र आले तर ‘गणिताची ती मुलगी, मागच्या वर्षीची’ एवढेच शिक्षकांना आठवते आणि पाठांचे तपशील पुसट झालेले असतात. आंतरवासिता संपल्यापासून आठवडा-पंधरवड्यात पत्र पोचले तर दोन्ही नियम पाळले जातात. शाळेत वार्षिक परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासणे चालू असेल तर ते आठवडे टाळावेत. त्या काळात आलेल्या विनंतीला उत्तर द्यायला कोणालाच सवड नसते.

आभाराचा मजकूर आठवून लिहिण्यापेक्षा शोधून लिहावा. तो पाठ निरीक्षणाच्या वहीत सापडतो. प्रत्येक पाठानंतर शिक्षकांनी तिथे शेरा लिहिलेला असतो. ‘फलकलेखन नेटके’, ‘प्रस्तावना लांबली’, ‘मागील बाकांकडे दुर्लक्ष’ अशा शेऱ्यांमधून ज्याच्यामुळे पुढच्या पाठात काही बदलले, असे एक-दोन निवडावेत. पाठ टाचणाच्या कडेला शिक्षकांनी पेन्सिलीने केलेल्या खुणाही कामी येतात. दहा गोष्टींबद्दल एकेक ओळ लिहिण्यापेक्षा दोन गोष्टींबद्दल पाच-पाच ओळी लिहिलेल्या बऱ्या.

एक पत्र, पहिल्यापासून शेवटपर्यंत

समजा, गणित पद्धती घेतलेली एक छात्राध्यापिका एका अनुदानित शाळेत इयत्ता सातवीच्या वर्गावर आंतरवासिता करत होती. तिचा पहिला कच्चा खर्डा असा होता : ‘आपल्या अमूल्य मार्गदर्शनामुळे माझ्या व्यक्तिमत्त्वाचा सर्वांगीण विकास झाला. आपण दिलेले संस्कार मी जन्मभर विसरणार नाही. आपले ऋण शब्दांत व्यक्त करता येणार नाही. तरी मला एक चांगले शिफारसपत्र मिळावे, ही नम्र विनंती.’

या खर्ड्यात खोटे काही नाही. पण त्यातले एकही वाक्य या शिक्षिकेपुरते, या वर्गापुरते किंवा गणितापुरते नाही. तो इतिहासाच्या शिक्षकांनाही तसाच देता आला असता. वाचणाऱ्या मॅडमना आपले काय उपयोगी पडले हे कळत नाही आणि शिफारसपत्रात काय लिहायचे याचाही पत्ता लागत नाही. निरीक्षण वही समोर ठेवून तिने पुन्हा लिहिलेले पत्र असे झाले :

> आदरणीय मॅडम,
>
> सादर नमस्कार.
>
> माझी आंतरवासिता गेल्या शनिवारी संपली. निरोपाच्या गडबडीत बोलायचे राहून गेले, ते लिहून कळवते आहे.
>
> सातवीवरचा माझा तिसरा पाठ झाल्यावर तुम्ही वहीत एवढेच लिहिले होते : ‘प्रश्न विचारल्यावर थांबा. उत्तर तुम्हीच देऊन टाकता.’ तोवर वर्ग शांत राहिला की मी घाबरून स्वतःच बोलायला लागायचे. पुढच्या पाठापासून तुम्ही मागच्या बाकावर बसून, माझा प्रश्न झाला की बोटांवर पाच अंक मोजून दाखवायचात. तेवढ्या वेळात खिडकीकडच्या रांगेतले हात वर यायला लागले. आता तुम्ही समोर नसतानाही मी मनात पाच मोजते.
>
> वर्गविस्तार शिकवताना निम्म्याहून जास्त मुलांनी (a + b)² = a² + b² असे लिहिले, तेव्हा मी सूत्र पुन्हा फळ्यावर लिहून पाठ करून घेणार होते. तुम्ही मला तुमच्या दोन तासिका दिल्यात आणि मुलांकडून कागदाचे चौरस कापून घ्यायला सांगितलेत. चौरसाचे चार तुकडे झाल्यावर मधले दोन ab कुठून आले ते मुलांनीच मला दाखवले. पहिल्या चाचणीत ३८ पैकी २१ मुले चुकली होती, फेरचाचणीत ६. तुमचा अभ्यासक्रम मागे पडत होता, तरी तुम्ही त्याबद्दल एक शब्द काढला नाहीत. हे मला नंतर लक्षात आले. मी तुमची मनापासून ऋणी आहे.
>
> एक विनंती आहे. एप्रिलपासून मी स्वयंअर्थसहाय्यित शाळांत गणित शिक्षिकेच्या जागेसाठी अर्ज करणार आहे. त्या अर्जांत संदर्भ म्हणून तुमचे नाव देऊ का? माझे वर्गातले काम तुमच्याइतके जवळून कोणी पाहिलेले नाही, म्हणून तुम्हाला विचारते आहे. शाळेने विचारणा केली तर प्रश्न विचारण्याची पद्धत आणि वर्गविस्तारावरचे उपचारात्मक काम, या दोन गोष्टींबद्दल तुम्ही सांगू शकाल असे वाटते. गटकार्याच्या वेळी वर्ग आवरणे मला अजून जड जाते, हेही तुम्हाला माहीत आहे. त्याबद्दल कोणी विचारले तर जसे आहे तसेच सांगावे.
>
> शाळेच्या नियमामुळे किंवा कामाच्या व्यापामुळे जमणार नसेल तर निःसंकोच तसे कळवा, मी आमच्या पद्धतीच्या सरांना विचारीन. जमणार असेल तर कोणता फोन नंबर द्यावा आणि फोनसाठी कोणती वेळ सोयीची, एवढे मार्चअखेरपर्यंत कळवावे. सोबत माझ्या कामाचा एक पानाचा गोषवारा जोडला आहे.
>
> सातवीच्या मुलांना माझी आठवण सांगावी. कळावे, लोभ असावा.
>
> आपली विद्यार्थिनी,
> (नाव, वर्ग, फोन नंबर)

पत्राचे भाग कसे काम करतात

आभाराचा पहिला परिच्छेद एका शेऱ्यावर उभा आहे. शेरा काय होता, आधी काय होत असे, शिक्षिकेने काय केले आणि नंतर काय झाले, असा त्याचा क्रम आहे. या चारही गोष्टी आल्यामुळे ‘मार्गदर्शन’ हा शब्द न वापरताही मार्गदर्शन दिसते. निवडलेली बाबही शिक्षणशास्त्रात मोलाची मानली जाते. अमेरिकेतील विज्ञान-शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७०च्या सुमारास वर्गातल्या संवादांच्या ध्वनिफिती तपासून दाखवले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद किंवा अधिक थांबले तर मुलांची उत्तरे लांबतात आणि ‘माहीत नाही’ असे म्हणणे किंवा गप्प राहणे कमी होते. नव्या शाळेचे मुख्याध्यापक फोनवर ‘मुलगी प्रश्न विचारून थांबते, मुलांना बोलू देते’ असे ऐकतात, तेव्हा ‘मेहनती आहे’ या वाक्यापेक्षा त्यांना कितीतरी जास्त कळते.

दुसऱ्या परिच्छेदातली चूक गणिताच्या कोणत्याही शिक्षकाच्या ओळखीची आहे. कागदाच्या चौरसाची बाजू a + b धरून घड्या घातल्या की a² आणि b² हे दोन चौरस आणि ab क्षेत्रफळाचे दोन आयत असे चार तुकडे निघतात. (a + b)² = a² + 2ab + b² यातले 2ab मुलांच्या हातात येते. पत्रात हे सगळे समजावून सांगितलेले नाही, कारण मॅडमना ते ठाऊक आहे. पत्र लिहिताना वाचणाऱ्याला काय माहीत आहे हे ओळखावे लागते. चाचणीचे आकडे मात्र दिले आहेत, कारण ते काही महिन्यांनी कोणाच्याच लक्षात राहत नाहीत आणि शिफारस करताना त्यांचाच उपयोग होतो. हे आकडे नोंदवहीतून उतरवलेले असावेत, अंदाजाने लिहिलेले नसावेत. मॅडमनी तेच आकडे पुढे सांगितले आणि ते चुकीचे निघाले, तर शब्द त्यांचा जातो.

शिक्षिकेने दोन तासिका सोडल्या हा उल्लेखही विचार करून केलेला आहे. छात्राध्यापक वर्गावर असतो तेव्हा मार्गदर्शक शिक्षकांचे काम कमी होत नाही. मागे पडलेला अभ्यासक्रम त्यांनाच भरून काढावा लागतो. त्यांनी काय सोसले हे ज्याच्या लक्षात आले आहे, त्याचे आभार वेगळे जाणवतात.

विनंतीचा परिच्छेद ‘एक विनंती आहे’ या वाक्याने उघडपणे सुरू होतो. आभाराच्या पोटात लपवलेली विनंती वाचताना खुपते, सरळ मांडलेली खुपत नाही. त्यानंतर चार गोष्टी येतात : कशासाठी हवे आहे, नेमके काय हवे आहे, यांनाच का विचारले, आणि कशाबद्दल बोलता येईल. ‘चांगले शिफारसपत्र द्यावे’ असे म्हणणे म्हणजे मत आधीच ठरवून देणे. त्याऐवजी शिक्षिकेने स्वतः पाहिलेल्या दोन गोष्टी सुचवल्या, तर मत तिचेच राहते.

आपल्या कच्च्या बाजूचा उल्लेख पुष्कळांना अनावश्यक वाटेल. तो प्रत्येक पत्रात हवाच असे नाही. पण मुलाखत घेणारे मुख्याध्यापक संदर्भाला हमखास विचारतात, की उमेदवाराला कशात मदत लागेल. शिक्षिकेला तिथे खरे सांगायचे असते आणि उमेदवाराचे नुकसानही करायचे नसते. उमेदवारानेच आधी मोकळीक दिली असेल तर ती निर्धास्तपणे बोलू शकते, आणि तिच्या बाकीच्या बोलण्यावरही विश्वास बसतो.

नकाराची वाट उघडी ठेवणे हा विनंतीचा शेवटचा आणि आवश्यक भाग आहे. ‘जमणार नसेल तर कळवा’ एवढे पुरत नाही, कारण ज्येष्ठांना आपल्या विद्यार्थ्याला ‘नाही’ म्हणणे जड जाते. शाळेचा नियम किंवा कामाचा व्याप असे कारण पत्रातच दिले आणि दुसरी व्यक्ती विचारण्याजोगी आहे हेही सांगितले, तर नकार देणाऱ्याला अपराधी वाटत नाही. नाखुशीने दिलेला संदर्भ हा नकारापेक्षा वाईट असतो. फोनवर ‘हो, होती आमच्याकडे’ एवढेच उत्तर आले, तर मुलाखत घेणाऱ्याला जे समजायचे ते समजते.

सोबत काय जोडावे

गोषवारा एका पानाचा असावा. त्यात आंतरवासितेचा कालावधी, शिकवलेल्या इयत्ता आणि घटक, घेतलेल्या पाठांची संख्या, शिक्षकांनी पाहिलेले एक-दोन उपक्रम आणि त्यांचे निष्कर्ष लिहावेत. ज्या जागेसाठी अर्ज करायचा ती जागा, शाळेचे माध्यम, अर्जाची अंतिम तारीख आणि पत्र कोणाच्या नावे व कोणत्या पत्त्यावर जायचे, हे खाली द्यावे. पूर्ण बायोडेटा जोडायला हरकत नाही, पण शिक्षक तो क्वचितच पाहतात. फोन आला तर हाताशी असतो तो गोषवाराच.

विद्यार्थ्यांची नावे पत्रातही नकोत आणि गोषवाऱ्यातही नकोत. अमुक मुलगा नापास होत होता आणि माझ्यामुळे पास झाला, असे लिहिण्याचा मोह होतो. पण हे कागद पुढे अनोळखी लोकांच्या हाती जातात, आणि मुलांचे गुण ही शाळेच्या ताब्यातली माहिती आहे. ‘सहा मुले’ किंवा ‘एक विद्यार्थिनी’ एवढ्याने काम भागते. मुलांचे चेहरे दिसतील असे वर्गाचे फोटोही जोडू नयेत.

पत्र हाताने लिहून प्रत्यक्ष द्यावे की ईमेलने पाठवावे, हे शिक्षकांच्या सवयीवर अवलंबून आहे. पुष्कळ जण दोन्ही करतात. कागदावरचे पत्र शाळेत जाऊन देतात आणि गोषवारा ईमेलने पाठवतात, म्हणजे वेळेला शोधणे सोपे जाते. नुसता व्हॉट्सॲप संदेश मात्र पुरेसा नाही, कारण तो वर्गाच्या आणि पालकांच्या संदेशांखाली दबून जातो. पत्रात ‘आपण’ लिहावे की ‘तुम्ही’, हे शाळेत बोलताना काय वापरले जात होते त्यावर ठरवावे. एकाच पत्रात दोन्हींची सरमिसळ करू नये. ‘तीर्थरूप’ हा मायना आईवडिलांसाठी आहे. शिक्षकांना ‘आदरणीय’ किंवा ‘गुरुवर्य’ शोभते.

कुठे चुकते

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे एकच मजकूर दोन-तीन शिक्षकांना देणे. शिक्षक खोलीत ही पत्रे शेजारी शेजारी वाचली जातात आणि सारखेपणा तिथेच उघडा पडतो. लिहिलेले पत्र खास त्या व्यक्तीसाठी आहे का, हे पाहण्याची सोपी कसोटी आहे. मायन्यातले नाव झाकून पत्र वाचावे. ते दुसऱ्या कोणालाही चालत असेल तर आभाराचा भाग पुन्हा लिहावा.

दुसरी चूक तुलनेची. एका शिक्षकांचे आभार मानताना ‘बाकीच्यांनी लक्ष दिले नाही’ किंवा ‘कॉलेजात हे शिकवलेच नाही’ असे लिहिले जाते. स्तुती म्हणून लिहिलेले हे वाक्य शिक्षकांना सहकाऱ्यांसमोर अडचणीत आणते, आणि हीच व्यक्ती उद्या आपल्याबद्दल काय लिहील असा प्रश्नही त्यांच्या मनात उभा करते.

तिसरी अडचण विद्यार्थ्याच्या हातात नसते. पत्र देताच शिक्षक म्हणतात, ‘तूच लिहून आण, मी सही करते.’ हे प्रेमाने म्हटलेले असले तरी असे पत्र कमजोर होते. विद्यार्थी संकोचाने सर्वांच्याच पत्रात असते ती भाषा वापरतो आणि शिक्षकांनी पाहिलेले त्यात काही उरत नाही. अशा वेळी गोषवारा पुढे करावा आणि त्यावरून तुमच्या शब्दांत चार ओळी लिहाव्यात, अशी विनंती करावी. तरीही लिहून आणायला सांगितले, तर घडलेल्या गोष्टी आणि तारखा तेवढ्या उतरवून द्याव्यात आणि मताची जागा त्यांच्यासाठी कोरी सोडावी.

उत्तर आल्यावर, आणि न आल्यावर

होकार आला की प्रत्येक अर्जाच्या वेळी शिक्षकांना दोन ओळींची सूचना द्यावी : कोणत्या शाळेत अर्ज केला, जागा कोणती, फोन साधारण कधी येईल. अनोळखी नंबरवरून, तेही तासिका चालू असताना अचानक विचारणा झाली, तर चांगल्या शिक्षकांकडूनही तुटक उत्तर जाते. एकदा घेतलेली परवानगी कायमची धरू नये. वर्ष उलटल्यावर नाव पुन्हा द्यायचे असेल तर पुन्हा विचारावे.

उत्तर आले नाही तर दहा-बारा दिवसांनी एकदा आठवण करावी, त्यापलीकडे नाही. ‘बघू’, ‘मुख्याध्यापकांना विचारून सांगते’, ‘मला लिहिणे तितकेसे जमत नाही’ ही उत्तरे पुष्कळदा सौम्य नकार असतात. ती तशीच समजून घेऊन दुसऱ्या व्यक्तीकडे जावे. दुसरी व्यक्ती म्हणजे बहुतेक वेळा पद्धतीचे प्राध्यापक. त्यांनी पाठ कमी पाहिलेले असतात, पण दोन वर्षांचा अभ्यास त्यांच्यासमोर झालेला असतो, म्हणून त्यांना लिहिताना तपशील वेगळे निवडावे लागतात. नकार मिळाला तरी आभार परत घेतले जात नाहीत. नकाराच्या उत्तरालाही ‘कळवल्याबद्दल आभारी आहे’ असे एक वाक्य जावे.

नोकरी मिळाली, किंवा मिळाली नाही, तरी निकाल शिक्षकांना कळवावा. ज्यांनी आपला शब्द खर्च केला, त्यांना तो कुठे पोचला हे दुसऱ्याकडून कळू नये. रुजू झाल्यावर शाळा, इयत्ता आणि विषय सांगणाऱ्या दोन ओळी पुरतात.